सोप्या मराठीतल्या अटी आणि कायद्याची मर्यादा

कुरिअरने पार्सल पाठवणारा माणूस पावतीवर पत्ता, वजन आणि शुल्क एवढेच पाहतो. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ‘मला अटी मान्य आहेत’ या ओळीमागे जो मजकूर असतो, तो प्रत्यक्षात करार असतो. पार्सल पोहोचवण्याचे वचन त्या करारात असते आणि ते न पाळल्यास कंपनी किती रकमेपर्यंत, किती दिवसांपर्यंत आणि कोणत्या प्रकारच्या नुकसानीसाठी जबाबदार राहील, हेही त्यातच ठरलेले असते. हा मजकूर सोप्या मराठीत आणणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. वाचणाऱ्याला तो एका वाचनात कळला पाहिजे, आणि कळलेला अर्थ मूळ कराराएवढाच भरला पाहिजे. अर्थ मुळापेक्षा थोडा जास्त निघाला तर ग्राहक नसलेल्या हक्कावर विसंबतो, आणि कमी निघाला तर असलेला हक्क सोडून देतो.

पावतीवरच्या एका ओळीला किती वजन असते, ते ‘भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल’ या प्रकरणात दिसले. कापड-व्यवसायातल्या या कंपनीने जर्मनीतल्या खरेदीदाराला मालाची कागदपत्रे कुरिअरने पाठवली, पण ती पोहोचलीच नाहीत. कागदपत्रांअभावी झालेल्या नुकसानीपोटी राज्य आयोगाने ४ लाखांहून अधिक रुपयांची भरपाई मंजूर केली. पावतीवरच्या अटीत मात्र कंपनीची जबाबदारी १०० डॉलरपुरतीच ठेवलेली होती. राष्ट्रीय आयोगाने भरपाई तेवढ्यावर आणली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सही करून स्वीकारलेली अट सही करणाऱ्याला बांधते, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे काही प्रकरणांत ग्राहक आयोगांनी वेगळी बाजूही पाहिली. अट ग्राहकाला दाखवली किंवा समजावली नसेल, पावतीवर त्याची सही नसेल, तर बारीक अक्षरातली मर्यादा त्याच्यावर लादता येत नाही, असे त्यांनी म्हटले. म्हणून सोपी मराठी आवृत्ती कंपनीच्याही हिताची असते. ग्राहकाला समजलेली अट कंपनीला आयोगापुढे अधिक भक्कमपणे मांडता येते.

अशा पानावर सगळ्यात जपून हाताळायचे कलम म्हणजे जबाबदारीच्या मर्यादेचे. नेहमीच्या कायदेशीर मराठीत ते साधारण असे छापलेले आढळते. (पुढचा नमुना समजावण्यासाठी तयार केलेला आहे.)

“कोणत्याही कारणास्तव प्रेषणाची हानी, नुकसान, विलंब वा चुकीची सुपुर्दगी झाल्यास कंपनीचे एकूण दायित्व प्रति प्रेषण रु. १,०००/- अथवा प्रेषकाने बुकिंगसमयी घोषित केलेले मूल्य, यांपैकी जे कमी असेल त्यापुरते मर्यादित राहील, प्रेषकाने विहित अधिभार भरून जोखीम संरक्षण घेतलेले असल्याखेरीज.”

हे वाक्य सोपे करायला सांगितले की हाताला पहिल्यांदा येते ते असे: “तुमचे पार्सल हरवले तर आम्ही तुम्हाला १,००० रुपये देऊ.” वाचायला ते छान आहे, पण करार मात्र त्यात उरलेला नाही. मुळात हरवणे, खराब होणे, उशीर आणि चुकीच्या माणसाला दिले जाणे अशा चार घटना होत्या. त्यांतली एकच राहिली. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द गेले. घोषित किमतीशी तुलना गेली. जादा शुल्काचा अपवाद गेला. आणि सगळ्यात मोठा बदल असा, की जी रक्कम कमाल मर्यादा होती ती आता ठरलेली भरपाई झाली. मूळ कलमाने १,००० रुपये देण्याचे वचन कुठेच दिलेले नाही. जास्तीत जास्त किती द्यावे लागतील, एवढेच ते सांगते.

सोपी आवृत्ती मुळाशी प्रामाणिक ठेवायची तर वाक्य मोडावे लागते, पण त्यातला एकही भाग टाकता येत नाही. ती अशी होऊ शकते:

“तुमचे पार्सल हरवले, खराब झाले, उशिरा पोहोचले किंवा चुकीच्या ठिकाणी दिले गेले, तर कंपनीची जबाबदारी पुढच्या दोनपैकी कमी असलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही: १,००० रुपये, किंवा बुकिंग करताना तुम्ही लिहून दिलेली मालाची किंमत. कारण कोणतेही असले तरी हीच मर्यादा राहील. ही मर्यादा एका पावतीवरच्या सगळ्या मालासाठी मिळून आहे. बुकिंगच्या वेळी जादा शुल्क भरून जोखीम संरक्षण घेतले असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही.”

यातले ‘एका पावतीवरच्या सगळ्या मालासाठी मिळून’ हे शब्द मूळ वाक्यात दिसत नाहीत. ते ‘प्रति प्रेषण’ या दोन शब्दांतून आले आहेत, आणि प्रेषण म्हणजे काय हे बहुतेक करारांत सुरुवातीच्या व्याख्यांच्या कलमात सांगितलेले असते. तिथे ‘एका पावतीखाली स्वीकारलेला सर्व माल’ अशी व्याख्या असेल तरच हे वाक्य लिहिता येते. व्याख्या वेगळी असेल तर वाक्यही वेगळे होईल. त्यामुळे भाषांतराचे काम पहिल्या ओळीपासून सुरू करून चालत नाही. आधी व्याख्या वाचाव्या लागतात, कोणते कलम कोणत्या कलमाकडे बोट दाखवते ते पाहावे लागते, आणि मगच पेन हातात घ्यावे लागते. शेवटच्या वाक्यातही असाच धागा लोंबकळतो: जोखीम संरक्षण घेतले तर ही मर्यादा लागू नाही, मग कोणती लागू आहे? उत्तर दुसऱ्या कलमात असेल तर त्याचा क्रमांक इथेच द्यायला हवा. कुठेच नसेल तर भाषांतरकाराने ते स्वतःच्या अंदाजाने भरू नये. कंपनीच्या वकिलाला विचारावे.

या कलमाचा अर्थ बरोबर पोहोचला की नाही, ते आकडे घालून लगेच तपासता येते. येवल्याहून नागपूरला १४,००० रुपयांची पैठणी पाठवली, पावतीवर तेवढीच किंमत लिहिली, जोखीम संरक्षण घेतले नाही आणि पार्सल हरवले, तर मर्यादा १,००० रुपये. तेच पार्सल ६०० रुपयांच्या पुस्तकांचे असेल तर मर्यादा ६०० रुपये, कारण दोनपैकी कमी रक्कम ती आहे. एकाच पावतीवर तीन खोकी गेली, एकूण किंमत ९,००० लिहिली आणि त्यांतले दोन हजारांच्या मालाचे एक खोके हरवले, तरीही मर्यादा १,००० रुपयेच. आणि पैठणीला फक्त एक टाका उसवला, रफूला ३०० रुपये पडले, तर ग्राहकाला १,००० मागता येत नाहीत. नुकसान ३०० चे आहे आणि १,००० हे वरचे टोक आहे. हा चौथा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा, कारण कमाल मर्यादा आणि ठरलेली भरपाई यांतला गोंधळ तोच उघडा पाडतो. यांतली दोन-तीन उदाहरणे सोप्या पानावर कलमाखालीच छापावीत. मात्र ती ‘उदाहरण’ म्हणूनच, वेगळ्या चौकटीत असावीत. उदाहरण कलमात मिसळले, की ते कलमाचाच भाग मानायचे का, हा नवा वाद उभा राहतो.

मराठी क्रियापदांचेही इथे नीट पाहावे लागते. ‘कंपनी शुल्क परत करू शकते’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे परत करणे शक्य आहे, आणि दुसरा म्हणजे करायचे की नाही ते कंपनी ठरवेल. करारात बहुधा दुसरा अभिप्रेत असतो, म्हणून ‘शुल्क परत करायचे की नाही, हे कंपनी ठरवेल’ असे सरळ लिहावे. याच्या उलट टोकाला ‘पार्सल दोन दिवसांत पोहोचेल’ हे वाक्य असते. मुळात कंपनीने प्रयत्न करण्याचेच कबूल केले असेल, तर हे वाक्य नवीनच हमी देऊन बसते. ‘दोन दिवसांत पोहोचवण्याचा प्रयत्न करू, या मुदतीची हमी नाही’ असे लिहिले की वाक्य साधेही राहते आणि खरेही. ‘कळवण्यात येईल’, ‘वसूल करण्यात येईल’ अशी सरकारी वळणाची वाक्ये सोडवताना कोण कळवणार आणि कोण वसूल करणार, हे लिहावेच लागते. तिथे ‘कंपनी’ लिहायचे की ‘कंपनीचा स्थानिक एजंट’, हे मूळ करारावरून ठरते. ते मुळातच संदिग्ध असेल तर तो प्रश्नही वकिलाकडे जातो. कर्मणी प्रयोगाच्या आड लपलेली अशी रिकामी जागा सोपी मराठी लिहितानाच सापडते, हा या कामाचा मोठा फायदा आहे.

मुदतीच्या कलमात चूक होते ती दिवस कुठून मोजायचे यात. “बुकिंगच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत लेखी दावा न केल्यास कंपनीचे दायित्व संपुष्टात येईल” या कलमाचे ‘महिन्याभरात तक्रार करा’ असे केले, तर तीन गोष्टी हरवतात: महिना ३० दिवसांचाच असतो असे नाही, मोजणी पार्सल हरवल्याच्या दिवसापासून नसून बुकिंगपासून आहे, आणि फोनवर केलेली तक्रार लेखी नसते. सोप्या वाक्यात तिन्ही राहायला हवीत: “पार्सल बुक केले त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत कंपनीकडे लेखी दावा करा. तसे न केल्यास, या करारानुसार, कंपनीची जबाबदारी संपेल.” ‘कंपनीकडे’ हा शब्द इथे मुद्दाम घातलेला आहे. ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्याची मुदत वेगळी असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार ती तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोन्ही मुदती एकाच वाक्यात आल्या तर वाचणारा लहान मुदत धरून गप्प बसतो किंवा मोठी धरून कंपनीची मुदत चुकवतो.

‘या करारानुसार’ हे शब्दही भरीचे नाहीत. ठरलेली मुदत संपताच एखाद्या पक्षाचा हक्कच नाहीसा करणारी आणि त्यामुळे त्याला तो बजावण्यापासून रोखणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २८ नुसार तेवढ्यापुरती रद्दबातल ठरते. १९९७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले. एखादे विशिष्ट कलम त्यात सापडते का, हे न्यायालय ठरवेल. भाषांतराने ते आधीच ठरवून टाकू नये. करार काय म्हणतो तेवढेच सांगावे, आणि कायद्याने शिक्कामोर्तब केले आहे असा सूर लागू देऊ नये.

अप्रत्यक्ष नुकसानीच्या कलमात सोपेपणाचा धोका वेगळा आहे. ‘अप्रत्यक्ष, आनुषंगिक व परिणामी हानी’ हे शब्द सामान्य वाचकाला काहीच सांगत नाहीत, म्हणून उदाहरण द्यावेच लागते: पार्सल न पोहोचल्यामुळे बुडालेला नफा, हातची गेलेली ऑर्डर. पण उदाहरणे दिली की कलम त्यांच्यापुरतेच आहे असे वाटू शकते, म्हणून ‘ही केवळ उदाहरणे आहेत’ असे जोडावे लागते. उदाहरणे निवडतानाही हात आखडता हवा. भाषांतरकाराने सहज म्हणून ‘मनस्ताप’ हा शब्द यादीत घातला, तर मुळात नसलेली अट त्याने तयार केली असे होते. ग्राहक आयोग मानसिक त्रासापोटी वेगळी भरपाई देत असतात, आणि मराठी पान वाचणारा ग्राहक मात्र ती मागायचीच नसते असे समजून बसतो. मुळात नसलेले उदाहरण कितीही चपखल वाटले तरी ते वकिलाच्या संमतीशिवाय घालायचे नाही, हा नियम इथे कडक पाळावा.

आता कायद्यापुढे जसेच्या तसे टिकणार नाही अशा कलमाचे काय करायचे? अधिकारक्षेत्राचे कलम याचे नेहमीचे उदाहरण आहे. “या करारातून उद्भवणारे वाद केवळ मुंबईतील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील.” नांदेडचा ग्राहक हे वाचून मुंबईच्या खेपा डोळ्यांपुढे आणतो आणि हजार रुपयांचा नाद सोडतो. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने मात्र ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा कमावतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, आणि कलम १०० नुसार हा मार्ग इतर कायद्यांतल्या मार्गांखेरीज मिळालेला आहे. वादासाठी लवादाची अट करारात असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे २०१८ मध्ये ‘एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग’ प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

अशा वेळी भाषांतरकाराला दोन मोह होतात. एक, कलम गाळून टाकायचे, कारण ते ग्राहकावर अन्याय करते. दुसरा, ते दुरुस्त करूनच लिहायचे. दोन्ही चुकीचे आहेत. ते कलम करारात आहे, आणि ग्राहक आयोगाबाहेरच्या दिवाणी दाव्यात त्याचा परिणामही होऊ शकतो. म्हणून कलम पूर्ण लिहावे: “या करारातून वाद झाला तर न्यायालयातला दावा फक्त मुंबईच्या न्यायालयांत लावता येईल.” आणि त्याखाली, उदाहरणासारखीच वेगळी चौकट काढून, टीप द्यावी: “ग्राहक म्हणून तुम्ही राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगातही तक्रार करू शकता. हा हक्क कायद्याने दिला आहे.” कंपनीला अशी टीप नको असेल, तर भाषांतरकाराने कलमाचा अर्थ मात्र मुळापेक्षा व्यापक करून लिहू नये. मुळात ‘केवळ’ नसेल तर मराठीत ‘फक्त’ किंवा ‘-च’ घालायचे नाही. ‘केवळ’ हा शब्द नसला तरी एकाच ठिकाणाचे नाव घेतल्यावरून इतर ठिकाणे वगळल्याचा अर्थ निघू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘स्वस्तिक गॅसेस’ प्रकरणात म्हटले आहे. पण तो अर्थ काढणे हे न्यायालयाचे काम आहे.

मसुदा तयार झाल्यावर तो ‘कळला का?’ असे विचारून तपासण्यात अर्थ नाही. बहुतेक जण हो म्हणतात. पैठणीच्या प्रश्नांसारखे दहा-बारा प्रसंग लिहून काढावेत. मूळ करार वाचून वकील त्यांची उत्तरे लिहील, आणि मूळ न पाहिलेले चार-पाच वाचक फक्त मराठी पान वाचून उत्तरे देतील: किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कुणाकडे, कुठे. जिथे वाचकांचे उत्तर वकिलाच्या उत्तराशी जुळत नाही, तिथे वाक्य परत लिहायचे. आणि जिथे वाचकांत आपापसांतच दोन उत्तरे येतात, तिथे बहुधा मूळ कलमच दुहेरी निघते. करार ज्याने लिहिला त्याच्या विरुद्ध संदिग्धतेचा अर्थ लावण्याची न्यायालयांची जुनी पद्धत आहे, त्यामुळे अशी जागा दाखवून दिली तर कंपनीचाही वकील ती दुरुस्त करायला सहसा तयार होतो.

शेवटचा निर्णय कोणत्या मजकुराला वजन द्यायचे याचा. बहुतेक कंपन्यांच्या करारात ‘विसंगती आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल’ अशी ओळ असते आणि मराठी पानाच्या तळाशी ती सापडते. ही ओळ मराठी पानाच्या पहिल्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत असली पाहिजे. त्याबरोबर मराठी आवृत्ती इंग्रजीच्या कोणत्या तारखेच्या मजकुरावरून केली आहे, हेही लिहिलेले असावे, कारण इंग्रजी अटी वर्षातून अनेकदा बदलतात आणि मराठी पान जुनेच राहते. कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक केले आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय ठेवलेला आहे, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. कुरिअरच्या पावतीला असे बंधन नाही. म्हणून मौल्यवान वस्तू पाठवताना मराठी पान वाचून झाल्यावरही इंग्रजीतले मर्यादेचे कलम शोधून त्यातला आकडा पाहावा, तो वस्तूच्या किमतीपेक्षा कमी असेल तर बुकिंगच्या वेळीच जोखीम संरक्षण घ्यावे, आणि त्या दिवशीच्या अटींची प्रत पावतीबरोबर जपून ठेवावी.